अण्णांचा तीन बाय तीन

भोसरीतल्या अण्णांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की हातात चहाच्या आधी टॉगल क्लॅम्प येतो. "दाब," अण्णा म्हणतात. दाबला की 'खट्' असा आवाज होतो. "आता सोडव बघू. हँडल नाही, पुढचा दांडा वर ढकलून." तो हलत नाही. मग अण्णांचा चेहरा असा फुलतो, की जणू हा क्लॅम्प त्यांनी आजच पहिल्यांदा बनवला असावा. आत पिना असतात. हँडल दाबताना त्यांतल्या तीन एका रेषेत येतात आणि मधली पिन रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसते. मग खालचा जॉब जितका वर रेटतो तितकी पकड घट्ट होते. वेल्डिंग करताना पत्रा धरायला, ड्रिल मारताना जॉब दाबून ठेवायला हे क्लॅम्प लागतात. अण्णा असे एकशेचाळीस प्रकार बनवतात. घोटाळ्याचं मूळ हा आकडा आहे.

अण्णा म्हणजे त्या जातीचे गृहस्थ, ज्यांना काहीही मागे ठेवून निघता येत नाही. ही माणसं लग्नाला निघाली की पिशवीत पिशवी, तिच्यात डबा आणि डब्यात आणखी एक डबी असते. "असू दे, मावतंय" हे त्यांचं ब्रीदवाक्य. मोकळी जागा दिसली की त्यांच्या पोटात कालवतं. दरवर्षी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला किंवा गोरेगावला एखाद्या प्रदर्शनात अण्णा स्टॉल घेतात. तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे एकूण नऊ चौरस मीटर. त्यात एकशेचाळीस क्लॅम्प, कॅटलॉगांचे गठ्ठे, गणपती, वहिनींनी दिलेला चिवडा, पुतण्या आणि ते स्वतः. पुढच्या बाजूला आडवं टेबल आणि टेबलामागे अण्णा. लांबून पाहिलं तर रेशनचं दुकान वाटतं. लोक टेबलाशी येतात, कॅटलॉग उचलतात आणि चालू लागतात. "बघे लोक," अण्णा म्हणतात. "खरा गिऱ्हाईक कुठे येतो हल्ली!"

माझा धंदा फ्लेक्स आणि ब्रोशरचा. त्यामुळे दरवर्षी प्रदर्शनाच्या चार दिवस आधी, रात्री साडेनऊला, मला फोन येतो. यंदा मात्र तो महिनाभर आधी आला. "अरे, पुतण्या म्हणतो, आता नुसतं लिहून दिलं की चित्र येतं. स्टॉलचं चित्र आधी काढू, मग स्टॉल करू. तू ये." मला बरंच वाटलं. स्टॉल बांधल्यावर रडण्यापेक्षा चित्र बघून रडलेलं स्वस्त पडतं.

गेलो तर अण्णांनी प्रॉम्प्ट लिहून ठेवला होता. पॅडवर, निळ्या शाईने, वर 'श्री' काढून. सुरुवातच "सविनय कळविण्यात येते की" अशी होती. पुढे कंपनीची स्थापना, कारखान्याचं क्षेत्रफळ, एकशेचाळीस मॉडेलं, "दर्जा हीच ओळख", नऊ चौरस मीटरचा भव्य व आकर्षक स्टॉल, योग्य ठिकाणी बोर्ड, प्रवेशद्वारी गणपती, ग्राहकांची रीघ. शेवटी "कळावे, लोभ असावा". पुतण्याने एक शब्द न गाळता सगळं टाइप केलं. मोठ्यांचा मान ठेवणारा मुलगा आहे.

चित्र आलं आणि आम्ही तिघेही गप्प झालो. विमानतळाएवढा हॉल, काचेचा जिना, वर दुसरा मजला, मधोमध दोन माणसांएवढा सोन्याचा गणपती. क्लॅम्प म्हणून भिंतीवर जे लटकत होतं ते नळाच्या तोट्या आणि सायकलचे ब्रेक यांच्यामधलं काहीतरी होतं. बोर्डावर कंपनीचं नाव होतं, पण अशा लिपीत, की जिला रेघ देवनागरीची, वेलांटी बंगालीची आणि अर्थ कुणाचाच नाही. अण्णांनी चष्मा वर केला. "हे आपलं नाव आहे?" मग हळूच, "पण स्टॉल झकास आहे हं. जिना किती सांगेल रे मंडपवाला?"

जिन्याचा विषय मिटवायला अर्धा तास गेला. मग मी समजावलं. या चित्रकाराकडे टेप नसते. 'नऊ चौरस मीटर' लिहिलं तरी तो मोजत नाही. 'भव्य' वाचतो आणि आजवर पाहिलेले सगळे भव्य स्टॉल आठवून तसलं काढतो. म्हणून विशेषणं काढायची आणि माप माणसाच्या अंगाने सांगायचं. आयोजक देतात त्या तयार स्टॉलची भिंत एकेक मीटर रुंद पांढऱ्या पट्ट्यांची असते, उंची अडीच मीटर. म्हणजे माणसाच्या साधारण दीडपट. तीन मीटर रुंदी म्हणजे माणसाच्या उंचीच्या पावणेदोन पट. चित्रात एक माणूस उभा केला की बाकीचं त्याच्याशी जुळवून घेतं. मिलिमीटरला मिलिमीटर नाही, पण जिना तरी जातो.

अण्णांना हे पटलं. गिरणीतल्या पट्ट्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्यांनी सगळं वितीने मोजलेलं आहे. त्यांनी स्वतःहून एक वाक्य घातलं: "पुढे आडवे टेबल नको." गेल्या वर्षी मी यावरून त्यांच्याशी भांडलो होतो, तेव्हा माझं मन राखायलाच घातलं असणार. दुसरं चित्र आलं. स्टॉल छोटा, भिंती पांढऱ्या आणि पुढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आडवं टेबल. अण्णा इतके खूश झाले की टाळी द्यायला हात पुढे केला. "बघ! त्यालासुद्धा कळतं, टेबल लागतंच!"

त्याला काहीही कळलेलं नव्हतं. हे तंत्र चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी यांवर शिकलेलं असतं आणि चित्राखाली कुणी 'यात टेबल नाही' असं लिहीत नाही. जे दिसतं तेच लिहितात. म्हणून 'टेबल नको' यातलं 'टेबल' पक्कं पोचतं आणि 'नको' पुष्कळदा वाटेत सांडतं. लहान मुलाला "पेला सांडू नकोस" म्हटल्यासारखं. त्यावर सोपा उपाय म्हणजे जे हवं ते सांगायचं. 'पुढची बाजू पूर्ण मोकळी, रस्त्यावरची जमीन सरळ आत मागच्या भिंतीपर्यंत आलेली दिसते.' टेबलाचं नावच काढायचं नाही. अण्णांना टेबलाचं नाव न काढणं जड गेलं, पण त्यांनी ते केलं.

मग बोर्डांकडे वळलो. इथे अण्णांची खरी कळ आहे. त्यांना मागच्या भिंतीवर बेचाळीस ओळी हव्या होत्या. कंपनीचं नाव, ब्रीदवाक्य, मॉडेल नंबर, फोन तीन, कारखान्याचा फोटो आणि वडिलांचा फोटो. मी म्हटलं, "अण्णा, चित्रात एकही अक्षर काढायला सांगायचं नाही. चित्रकार अक्षरं गिरवतो, वाचत नाही. आपण नुसत्या रंगीत कोऱ्या पाट्या मागू. लाल, निळी. अक्षरं मी कोरेलमध्ये नंतर बसवतो." अण्णांना कोरी पाटी बघवेना. कोरी पाटी म्हणजे भाडं न येणारी खोली!

पण कोऱ्या पाटीचा फायदा असा, की ती कुठे आहे एवढाच प्रश्न उरतो. स्टॉलमध्ये माणसं उभी राहिली की कमरेखालची भिंत दिसत नाही. तिथे काही लिहिणं म्हणजे पायपुसण्यावर पत्ता छापणं. खांद्यापासून डोक्यापर्यंतची भिंत स्टॉलच्या आत शिरलेल्यालाच दिसते. तिथे मॉडेलं आणि उपयोगाचे फोटो हवेत. गर्दीतही लांबून दिसते ती फक्त डोक्याच्या वरची पट्टी. तिच्यावर काय बनवता ते लिहायचं. कंपनीचं नाव पुढच्या कपाळपट्टीवर आयोजक लावतातच. "टॉगल क्लॅम्प. बस," मी म्हणालो. "बस?" अण्णा म्हणाले. सुनेने दोनच पोळ्या वाढल्यावर सासरे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

अक्षर किती मोठं, याचा आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर एक इंच उंच. हॉलमधला रस्ता तीन मीटरचा, म्हणजे दहा फूट, पण माणूस तुमच्या समोर येऊन मग वाचत नाही. तो तिरका, दोन-तीन स्टॉल आधीपासून येताना वाचतो किंवा वाचत नाही. नऊ मीटर धरले तर तीस फूट, म्हणजे तीन इंचाचं अक्षर किमान. तीन इंचात बेचाळीस ओळी बसवायच्या तर भिंत छपरातून बाहेर काढावी लागेल. अण्णांनी कागदावर हिशेब केला, दोनदा केला. मग म्हणाले, "बाबांचा फोटो मग खाली राहू दे." त्यावर मी काही बोललो नाही. काही गोष्टी मापाने सुटत नाहीत.

तिसरं चित्र खरंच बरं आलं. मोकळा, नीट, लाल-निळ्या पाट्यांचा स्टॉल. तरी काहीतरी खटकत होतं. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं. चित्रात स्टॉलच्या आतून बाहेरचा रस्ता दिसत होता! मी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने मान खाली घालून सांगितलं, काका म्हणाले, "मी बसतो तिथून कसं दिसेल ते काढ."

माझं डोकं तिथे एकदम उघडलं. गेली पंधरा वर्षं मी अण्णांच्या टेबलाशी भांडत होतो. टेबल हा दोषच नव्हता. अण्णांनी स्वतःचा स्टॉल कधी बाहेरून पाहिलेलाच नव्हता. ते सकाळी पहिले येतात, आत शिरतात, खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी शेवटचे उठतात. खुर्चीतून बघितलं तर आडवं टेबल बरोबरच आहे. हाताशी कॅटलॉग, कोपराशी चिवडा, पुढे संरक्षण. आणि मागची भिंत खुर्चीतून दिसतच नाही, तेव्हा तिच्यावर किती ओळी आहेत याने काय फरक पडतो?

मी आयोजकांनी पाठवलेला हॉलचा नकाशा मागवला. तो पाकिटातून बाहेरही आलेला नव्हता. अण्णांचा स्टॉल रांगेतला, एकच बाजू उघडी. स्टॉलकडे तोंड करून उभं राहिलं तर हॉलचं दार डावीकडे होतं. चहाचा काउंटर आणि स्वच्छतागृह उजवीकडे, टोकाला. म्हणजे गर्दी डावीकडून येणार आणि उजवीकडे जाणार. परत येताना तिचं लक्ष नसतं, चहा झालेला असतो. मग डावीकडून येणाऱ्याला आधी काय दिसेल? मागची भिंत नाही. डावी भिंत तर त्याच्याकडे पाठ करून असते. त्याला दिसते उजव्या भिंतीची आतली बाजू. ज्या भिंतीवर अण्णा गेली पंधरा वर्षं कॅलेंडर आणि हार लावत होते.

त्यावरून सगळं उलगडत गेलं. मुख्य लाल पाटी उजव्या भिंतीवर, वरच्या बाजूला. तिच्याखाली भिंतीला लागून कमरेएवढा अरुंद काउंटर, पुढच्या कोपऱ्याजवळ आणि त्याच्यावर लाकडी फळीला बसवलेले तीन क्लॅम्प. येणारा चालता चालता हात पुढे करणार, 'खट्' करणार, थांबणार. तो थांबला तरी मागून येणाऱ्याच्या नजरेच्या आड येत नाही, कारण उजव्या कोपऱ्यात उभा असतो. हेच क्लॅम्प डाव्या कोपऱ्यात ठेवले असते तर थांबलेल्या दोघांच्या पाठींचीच भिंत झाली असती. मधली जागा रिकामी, कारण ज्याला पुढे बोलायचंय त्याने तिच्यातून आत यायचं. टेबल आणि दोन खुर्च्या मागच्या डाव्या कोपऱ्यात.

"म्हणजे येणाऱ्याला मी दिसणारच नाही?" अण्णा म्हणाले.

"आत येईपर्यंत नाही."

"मग त्याला कळणार कसं की मालक आहे?"

यावर मी 'खट्' एवढंच उत्तर दिलं आणि टेबलावरचा क्लॅम्प दाबून दाखवला. अण्णा थोडे हसले. स्वतःच्या मालाचा आवाज ऐकला की ते कुणावरही रागावू शकत नाहीत.

एक भांडण उरलं होतं, ते बाणांचं. अण्णांना चित्रात बाण हवे होते, 'ग्राहक इथून येणार, इथून जाणार'. पुतण्याने ते मागून पाहिले. एक बाण भिंतीतून आरपार गेला, दुसरा गोल फिरून स्वतःच्याच शेपटीला चावला. बाणाऐवजी माणसं मागायची, असं शेवटी ठरलं. एक रस्त्यात, लाल पाटीकडे बघणारा. एक कोपऱ्यावर, हात क्लॅम्पवर. एक आत, टेबलाशी बसलेला. तीन माणसं तीन जागी उभी केली की वाट आपोआप दिसते. बाण नंतर छापील कागदावर लाल पेनाने काढले, अण्णांनी स्वतः, पट्टी लावून.

शेवटचा प्रॉम्प्ट असा झाला. तो अण्णांनी पॅडवर उतरवून फाइलला लावला आहे, म्हणून शब्दन्‌शब्द देतो: "औद्योगिक प्रदर्शनातला एक छोटा स्टॉल. समोरची बाजू उघडी, बाकी तीन बाजूंना साध्या पांढऱ्या भिंती, माणसाच्या दीडपट उंच. मागच्या भिंतीची रुंदी माणसाच्या उंचीच्या पावणेदोन पट. आपण बाहेरच्या रस्त्यात, स्टॉलच्या डावीकडे काही पावलं अलीकडे उभे आहोत, नजर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उजव्या भिंतीच्या वरच्या भागात कोरी लाल पाटी. मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर कोरी निळी पाटी. उजव्या भिंतीला लागून कमरेएवढा अरुंद काउंटर, त्यावर लाकडी फळीवर तीन छोटी धातूची हत्यारं. मागे डाव्या कोपऱ्यात छोटं टेबल, दोन खुर्च्या. मधली जमीन मोकळी. तीन माणसं: एक रस्त्यात लाल पाटीकडे बघत, एक काउंटरवर हत्यार हाताळत, एक टेबलाशी बसलेला. साधा पांढरा उजेड. आडवं चित्र."

'टॉगल क्लॅम्प' न म्हणता 'छोटी धातूची हत्यारं' का, असं अण्णांनी विचारलं. कारण तोट्या आणि ब्रेक पुन्हा नकोत. खऱ्या क्लॅम्पचा फोटो मी नंतर तिथे चिकटवणार होतो. गणपती कुठे आहे, असंही विचारलं. गणपती चित्रात नाही, स्टॉलमध्ये आहे, असं ठरलं. अगरबत्ती मात्र नाही. हॉलमध्ये जळतं काही चालत नाही, हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

चित्र छान आलं म्हणून अण्णा लगेच सुताराला फोन लावायला निघाले. त्यांना थांबवलं. चित्राला वजन नसतं आणि जागाही नसते. चित्रातला काउंटर भिंतीला टांगलेला दिसत होता. प्रत्यक्षात त्या पातळ पट्ट्यांना खिळा मारता येत नाही आणि त्या भारही पेलत नाहीत. काउंटर स्वतःच्या पायांवर उभा हवा. म्हणून रविवारी शेडमधल्या दोन मशिनी सरकवून जमिनीवर खडूने तीन बाय तीनचा चौकोन आखला. टेबल, खुर्च्या मांडल्या. काउंटरऐवजी पॅकिंगची खोकी. वहिनींना पर्स घेऊन ग्राहक केलं. त्या डावीकडून आल्या, खोक्यावरचा क्लॅम्प दाबला, आत वळल्या आणि टेबलामागच्या खुर्चीला त्यांची पर्स अडकली. मागची खुर्ची आणि भिंत यांत एक वीतभरही अंतर नव्हतं. चित्रात तिथे ऐसपैस दिसत होतं. टेबल तिरकं केलं तेव्हा जमलं. खडूच्या आत एकशेचाळीसपैकी किती मॉडेलं बसतात, हे अण्णांनी मग मोजून पाहिलं नाही. पण रात्री निघताना मला त्यांच्या हातात एक खोका दिसला, ज्यावर 'इतर' असं लिहिलं होतं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. लाल पाटी दारापासून दिसत होती. काउंटरपाशी दोन पोरं उभी होती, कुठल्यातरी फॅब्रिकेशनवाल्याची असावीत, आळीपाळीने 'खट् खट्' करत. एकाने तर पुतण्याशी बोलता बोलता ते चालूच ठेवलं होतं. मधली जमीन मोकळी होती. टेबलाशी कुणीतरी वही काढून बसलं होतं. अण्णा मात्र खुर्चीत नव्हते. शोधलं तर समोरच्या रांगेत, दुसऱ्याच कुणाच्या स्टॉलला टेकून, हात मागे बांधून उभे. नजर स्वतःच्या स्टॉलवर.

"किती वेळ उभे आहात?"

"सकाळपासून," ते म्हणाले. "इथून वेगळंच दिसतं रे." थोडा वेळ गप्प राहिले. समोर पुन्हा 'खट्' झालं. मग माझ्या कानाशी वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण ती मधली जागा बघ ना. केवढी मोकळी आहे. तिथे एक छोटंसं स्टँड..."